सततचा शह : हरलेल्या डावातली बरोबरीची वाट

बुद्धिबळात हरत आलेल्या माणसाजवळ शेवटपर्यंत एक अधिकार शिल्लक असतो. तो म्हणजे शह देण्याचा. प्रतिपक्षाकडे एक हत्ती जास्त असो वा वजीर जास्त असो, त्याच्या राजाला शह बसला की त्या खेळीपुरते त्याचे बाकीचे सगळे बेत बाजूला पडतात. आधी राजा वाचवायचा, मग पुढचे. आता असे समजा की राजा शहातून निघाला तो थेट दुसऱ्या शहात आला, तिथून निघाला तो पुन्हा पहिल्या शहात, आणि या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाटच नाही. मग त्याचा जास्तीचा हत्ती पटावर नुसता उभा राहतो आणि डाव बरोबरीत सुटतो. यालाच सततचा शह म्हणतात.

मी बुद्धिबळाचा मोठा खेळाडू नाही आणि मला हा खेळ कोणी रीतसर शिकवलेलाही नाही. जुन्या डावांच्या नोंदी मिळवायच्या, घरी पट मांडून त्या एकेक खेळीने तपासायच्या आणि वहीत टिपणे काढायची, असा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. हरलेले डाव वाचले कसे, हा त्या वह्यांतला एक मोठा भाग. त्या टिपणांतून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. सततचा शह नशिबाने लाभतो असे पुष्कळांना वाटते, पण तो मोजून काढता येतो. मोजायची असतात ती प्रतिपक्षाच्या राजाभोवतालची घरे. ही मोजणी कशी करायची, ते एका छोट्या मांडणीवर आणि एका जुन्या, गाजलेल्या डावावर दाखवतो. जवळ पट असेल तर मांडून घ्यावा.

घरांची नावे नेहमीचीच घेतो. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या ओळी ए ते एच आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८.

दोन ठाणी

पांढऱ्याचा राजा एच१ वर, वजीर एच६ वर आणि प्यादी जी२ व एच२ वर ठेवा. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर ए२ वर, हत्ती सी२ वर आणि प्यादी ए५, एफ७ व एच७ वर. खेळी पांढऱ्याची आहे.

काळ्याकडे एक हत्ती आणि एक प्यादे जास्त आहे. शिवाय त्याला एक खेळी मिळाली तर तो वजीर ए१ वर आणून शह देईल. पांढऱ्याला आपला वजीर सी१ वर आड घालावा लागेल आणि काळा तो मारून तिथेच मात करेल. म्हणजे पांढऱ्याचा डाव मोजदादीने हरलेला आहे आणि वेळेच्या हिशेबानेही हरलेला आहे.

आता काळ्याच्या राजाचे घर पाहा. जी स्तंभातले प्यादे गेलेले आहे, त्यामुळे राजासमोर खिंडार आहे. पांढरा वजीर जी५ वर आणून शह देतो. राजाला दोनच घरे मिळतात, एफ८ आणि एच८. तो एफ८ वर गेला तर वजीर डी८ वर जाऊन शह देतो. आठव्या ओळीतली घरे आणि ई७ हे घर वजिराच्या माऱ्यात येतात, एफ७ वर राजाचे स्वतःचेच प्यादे आहे, म्हणून राजाला जी७ वरच यावे लागते. तिथे वजीर पुन्हा जी५ वरून शह देतो. राजा एच८ वर गेला तरीही डी८ वरून शह बसतो आणि पुन्हा जी७ खेरीज जागा नाही. असे हे चक्र. राजा जी८ वर असो वा जी७ वर, जी५ वरून शह. एफ८ वर असो वा एच८ वर, डी८ वरून शह. राजा चार घरांत फिरतो आणि वजिराला दोनच जागा पुरतात. माझ्या वहीत मी या जागांना ठाणी म्हणतो. वजिराचा सततचा शह शोधताना पहिले काम हेच, की अशी दोन ठाणी सापडतात का ते पाहणे.

परंतु ठाणी सापडली म्हणजे काम झाले असे नाही. शहातून सुटण्याचे तीन मार्ग असतात : राजा हलवणे, शह देणारे मोहरे मारणे आणि मध्ये आपले मोहरे आड घालणे. चक्रातल्या प्रत्येक शहाला हे तीनही मार्ग तपासावे लागतात. बहुतेक जण पहिला तपासतात, दुसराही पाहतात आणि तिसरा विसरतात. वर मांडलेल्या स्थितीत काळ्याचा वजीर ए२ वर आहे. तिथून त्याला जी६, जी७, ई८ यांपैकी एकाही घरावर येता येत नाही, आणि जी८ कडे जाणारा त्याचा तिरपा रस्ता एफ७ वरचे त्याचेच प्यादे अडवून बसले आहे. हाच वजीर एक घर सरकवून बी२ वर ठेवा. आता जी५ वरून शह दिला की काळा वजीर बी२ पासून जी७ पर्यंतच्या मोकळ्या कर्णातून येऊन आड बसतो. दोन ठाण्यांचे ते साधे चक्र तिथे तुटते. बाकी सगळी मांडणी तीच, फक्त प्रतिपक्षाच्या वजिराची जागा वेगळी, आणि मोजणी नव्याने करावी लागते.

म्हणूनच या मांडणीत पांढऱ्याने ताबडतोब शह सुरू करायला हवा. समजा, आपल्या राजाला हवा मिळावी म्हणून त्याने एच३ अशी शांत खेळी केली. काळा घाईने शहामागे धावणार नाही, तो वजीर बी२ वर आणून ठेवील. पुढच्या खेळीला पांढऱ्याने जी५ वरून शह दिला की उत्तर तयार : वजीर जी७ वर. एका खेळीपूर्वी ते साधे चक्र हातात होते, आता ते नाही.

आड घालण्याचा याहून वाईट प्रकार म्हणजे काटशह. आड आलेल्या मोहऱ्याने आपल्याच राजाला शह दिला, तर पुढची खेळी आपली राहत नाही. म्हणून चक्र सुरू करण्यापूर्वी आपला राजा कोणत्या ओळीत, कोणत्या कर्णात उघडा आहे तेही पाहून ठेवावे.

या मांडणीतले एफ७ चे प्यादे आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते काळ्याचे आहे, पण राखण पांढऱ्याची करते. त्याच्यामुळे काळ्या राजाला मध्यभागाकडे पळता येत नाही आणि काळ्या वजिराचा कर्णही बंद राहतो. हरणारा खेळाडू पुष्कळदा हाती लागेल ते प्यादे मारत सुटतो, तेवढेच नुकसान भरून निघेल म्हणून. पण राजाच्या तोंडाशी असलेले त्याचेच प्यादे मारले तर त्याला वाट मोकळी होते. अशा वेळी ते प्यादे जिवंत राहण्यातच आपला फायदा असतो.

व्हिएन्नातला डाव

आता ज्या डावासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो. हा डाव व्हिएन्नात १८७२ साली खेळला गेला. पांढरी मोहरी कार्ल हाम्पे यांची, काळी फिलिप माइटनर यांची. हाम्पे सरकारी अधिकारी होते, माइटनर वकील. पुढे अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रज्ञ लीझ माइटनर या त्यांच्याच कन्या. बुद्धिबळाच्या जगात हा डाव ‘अमर बरोबरी’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या खेळ्या अशा (आधी पांढऱ्याची, नंतर काळ्याची) :

१. ई४ – ई५
२. घोडा सी३ – उंट सी५
३. घोडा ए४ – उंट एफ२ वरचे प्यादे मारतो, शह
४. राजा उंट मारतो – वजीर एच४, शह
५. राजा ई३ – वजीर एफ४, शह
६. राजा डी३ – डी५
७. राजा सी३ – वजीर ई४ वरचे प्यादे मारतो
८. राजा बी३ – घोडा ए६
९. ए३ – वजीर ए४ वरचा घोडा मारतो, शह
१०. राजा वजीर मारतो – घोडा सी५, शह
११. राजा बी४ – ए५, शह
१२. राजा सी५ वरचा घोडा मारतो – घोडा ई७
१३. उंट बी५, शह – राजा डी८
१४. उंट सी६ – बी६, शह
१५. राजा बी५ – घोडा सी६ वरचा उंट मारतो
१६. राजा घोडा मारतो – उंट बी७, शह
१७. राजा बी५ – उंट ए६, शह
१८. राजा सी६ – उंट बी७, शह. बरोबरी.

पहिल्या बारा खेळ्यांत माइटनर यांनी उंट, वजीर आणि घोडा देऊन पांढऱ्या राजाला पटाच्या मध्यापलीकडे ओढून आणले. बाराव्या खेळीला ई७ वर ठेवलेला घोडा वरवर शांत दिसतो, पण धमकी जबर आहे : बी६ चा शह, राजाला बी५ हे एकच घर, आणि मग उंट डी७ वर येऊन मात. हाम्पे यांनी बी५ वर शह देऊन वेळ मिळवला, परंतु त्याने स्वतःच्या राजाचे ते एकच घर अडवले. आता बी६ चा शह म्हणजे थेट मात. यातून सुटायला त्यांनी चौदाव्या खेळीला उंट सी६ वर नेऊन ठेवला. तिथे तो घोड्याच्या आणि प्याद्याच्या तोंडी आहे, पण त्यामुळे राजाला बी५ मोकळे झाले आणि डी७ वरून येणाऱ्या शहाचा कर्णही बंद झाला. पांढऱ्याच्या बचावातली ही सगळ्यात सुंदर खेळी.

सोळाव्या खेळीला पांढऱ्याने घोडा मारल्यावर थांबू आणि मोजू. वजिराचे ९, हत्तीचे ५, उंट-घोड्याचे ३ आणि प्याद्याचा १ या नेहमीच्या हिशेबाने पांढऱ्याकडे ३१ आहेत आणि काळ्याकडे २१. काळ्याकडे वजीर नाही, दोन्ही घोडे नाहीत, एक उंट नाही. मात करण्याचा बेत फसलेला आहे. पांढऱ्याला दोन-तीन निवांत खेळ्या मिळाल्या, तर हा डाव काळ्याने सोडून देण्याजोगा आहे. उरलेल्या एका उंटाने काळा काय करणार?

तो उंट बी७ वर आणतो आणि शह देतो. सी६ वरच्या राजाभोवतालची घरे एकेक करून मोजू. बी६ वरच्या प्याद्याला सी७ वरच्या प्याद्याचा जोर आहे. सी७ आणि डी७ ही घरे काळ्या राजाच्या ताब्यात. डी६ वर सी७ च्या प्याद्याचा मारा. सी५ वर बी६ च्या प्याद्याचा. डी५ च्या प्याद्याला उंटाचाच जोर. उरली दोन घरे : बी५ वर जाणे किंवा बी७ वरचा उंट मारणे. त्या उंटाला कोणाचाही जोर नाही. फुकट मिळालेला उंट मारायचा नाही, हे कोणालाही पटणार नाही.

पण राजाने उंट मारला तर काळा आपला राजा शांतपणे डी७ वर ठेवतो. शह नाही, काही नाही. पण त्या खेळीने आठवी ओळ मोकळी झाली आणि काळ्याचे दोन हत्ती एकमेकांना दिसू लागले. बी७ वरच्या पांढऱ्या राजाला आता एकही घर नाही : ए६ आणि ए७ वर ए८ च्या हत्तीचा मारा, बी८ आणि सी८ वर हत्तींचा, सी६ वर राजाचा, बी६ आणि सी७ च्या प्याद्यांना जोर, आणि ए८ चा हत्ती मारावा तर त्याला दुसऱ्या हत्तीचा जोर. पुढच्या खेळीला एच८ चा हत्ती बी८ वर आला की मात. पांढऱ्याचा वजीर जी४ वरून शह देऊ शकतो, पण काळा राजा डी६ वर सरकतो, सी६ आणि सी७ वरची पकड तशीच राहते आणि मात टळत नाही. पुढे वजीर कितीही शह देऊन स्वतःला मारून घेवो, मात फक्त एखादी खेळी लांबते.

म्हणून हाम्पे उंट मारत नाहीत, राजा बी५ वर नेतात. उंट ए६ वर जाऊन पुन्हा शह देतो. या वेळी उंटाला ए८ च्या हत्तीचा जोर आहे. राजाला पुन्हा दोनच घरे : सी६ आणि ए४. ए४ वर परत घराकडे जावेसे वाटते. तो गेला तर काळा उंट सी४ वर ठेवतो. पुन्हा शांत खेळी, पण बी३ आणि बी५ या घरांवर उंटाची पकड बसते, बी४ वर ए५ च्या प्याद्याचा मारा आहेच, ए३ वर पांढऱ्याचे स्वतःचे प्यादे. पुढच्या खेळीला बी५ वर प्यादे सरकले की मात, आणि पांढऱ्याची कोणतीही खेळी ती अडवू शकत नाही. तेव्हा सी६ हेच घर. उंट पुन्हा बी७ वर. अठराव्या खेळीला दोघांनी बरोबरी केली.

इथेही दोनच ठाणी आहेत : बी७ आणि ए६. पण वजिराच्या चक्राहून हे चक्र निराळे आहे. वजिराच्या मांडणीत राजाला पळायला जागाच नव्हती. इथे प्रत्येक फेरीत राजाला दोन वाटा आहेत, त्यातली एक चक्रात परत आणते आणि दुसरी मातेकडे नेते. काळ्याचा शह टिकतो तो उंटाच्या बळावर नव्हे, त्या दुसऱ्या वाटेच्या भीतीवर. म्हणून सततचा शह शोधताना प्रतिपक्षाच्या राजाला बाहेर पडायला घर दिसले, की लगेच निराश होऊ नये. त्या घरावर गेल्यावर त्याचे काय होते, तेवढे पाहावे. त्यासाठी शहाच्या मालिकेत एक शांत खेळी बसवता येते का, हे तपासावे लागते आणि तीच नजरेतून सुटते.

दुसरा प्रश्न असा, की १० गुणांची आघाडी असलेल्या पांढऱ्याला त्यातले थोडे परत देऊन सुटता का आले नाही? जिंकणाऱ्याचा हा नेहमीचा उपाय असतो. हत्ती जास्त असेल तर तो आड घालून बळी द्यायचा, चक्र तोडायचे आणि उरलेल्या आघाडीवर जिंकायचे. या डावात ते शक्य नाही, आणि कारण पट पाहिला की कळते. पांढऱ्याचा वजीर डी१ वर, हत्ती ए१ आणि एच१ वर, उंट सी१ वर, घोडा जी१ वर. त्याची उरलेली पाचही मोहरी डावाच्या आरंभी जिथे होती तिथेच आहेत. एकही हललेले नाही. राजा सहाव्या ओळीत एकटा आणि फौज पहिल्या ओळीत. शिवाय बी७ चा उंट राजाला लागूनच उभा असल्याने त्या शहात आड घालायला मधले घरच नाही. ३१ हा आकडा कागदावर होता, राजाजवळ त्यातले काहीच नव्हते.

नियम काय म्हणतो

सततच्या शहाबाबत एक समज आपल्याकडे अगदी पक्का आहे, की लागोपाठ तीन शह दिले म्हणजे डाव बरोबरीत. तसे नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या, आजच्या नियमांत सततचा शह या नावाने बरोबरीचे वेगळे कलमच नाही. बरोबरी मिळते ती तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यामुळे. स्थिती तीच म्हणजे सगळी मोहरी त्याच घरांवर, पाळी त्याच खेळाडूची आणि उपलब्ध खेळ्याही त्याच. मधे दुसऱ्या खेळ्या झाल्या असल्या तरी चालते.

वरच्या वजिराच्या मांडणीत हे मोजून पाहा. पहिला शह राजा जी८ वर असताना बसला, ती स्थिती पुन्हा येत नाही. दुसऱ्या शहानंतर राजा जी७ वर येतो आणि वजीर डी८ वर असतो. ही स्थिती पहिल्यांदा आली. चौथ्या शहानंतर ती दुसऱ्यांदा येते आणि सहाव्यानंतर तिसऱ्यांदा. काळ्याने मधे एफ८ आणि एच८ ही घरे आलटून पालटून वापरली तरी जी७ वर त्याला यावेच लागते, त्यामुळे मोजणी चुकत नाही. म्हणजे तीन शहांनी नव्हे, सहा शहांनंतर पांढऱ्याला हक्क मिळतो. तोही आपोआप नाही. आपली पाळी असताना घड्याळ थांबवून पंचांना सांगावे लागते. आपल्याच पुढच्या खेळीने तिसऱ्यांदा स्थिती येणार असेल, तर ती खेळी पटावर न करता आधी कागदावर लिहायची आणि मग दावा करायचा. दावा चुकला तर प्रतिपक्षाला दोन मिनिटे जास्त मिळतात. पाचव्यांदा तीच स्थिती आली तर मात्र कोणी न मागताही डाव बरोबरीत संपतो.

ही बरोबरी बुद्धिबळाने स्वीकारलेली आहे, ती काही निसर्गनियम नव्हे. जपानच्या शोगी या खेळात सतत शह देऊन तीच स्थिती चौथ्यांदा आणली तर शह देणाराच हरतो. चीनच्या श्यांगची खेळातही सततचा शह चालत नाही, शह देणाऱ्याला खेळी बदलावी लागते. तिथे हाच डाव माइटनर यांना वाचवता आला नसता.

आधी कसे ओळखायचे

सततचा शह आयत्या वेळी आठवून मिळत नाही, त्याची तरतूद दोन-चार खेळ्या आधी करावी लागते. माझ्या टिपणांत वाचलेल्या डावांचे बारकावे निरनिराळे आहेत, पण तीन खुणा वारंवार दिसतात. प्रतिपक्षाच्या राजासमोरचे एखादे प्यादे गेलेले असते, बहुधा जी स्तंभातले. त्याचा वजीर आपल्या राजावर किंवा दूरच्या प्याद्यावर गेलेला असतो आणि त्याला परतायला एखादी खेळी तरी लागणार असते. आणि आपला वजीर पटावर असतो. हरत असताना वजिरांची अदलाबदल करू नये असे म्हणतात, त्याचे कारण हेच.

यातली दुसरी खूण सर्वात नाजूक. प्रतिपक्षाचा वजीर दूर असतो तो आपल्यावर हल्ला करण्यासाठीच. म्हणजे वाचण्याची वेळ ही हरण्याच्या वेळेला अगदी लागून येते. त्या एका खेळीत आपल्या राजाकडे पाहत बसलो तर बचावाची एखादी खेळी सापडते आणि डाव सावकाश हरतो. त्याच्या राजाची घरे मोजली, तर कधीकधी दोन ठाणी सापडतात.

सरावासाठी वरची वजिराची मांडणी पुन्हा लावा आणि काळा हत्ती सी२ ऐवजी डी१ सोडून दुसऱ्या ओळीतल्या किंवा सी स्तंभातल्या निरनिराळ्या घरांवर ठेवून पाहा. प्रत्येक वेळी जी५ आणि डी८ ही दोन्ही घरे सुरक्षित राहतात का, आणि हत्तीला मध्ये कुठे आड येता येते का, हे मोजा. हत्ती सी८ वर असेल तर डी८ चे ठाणे गेले, हे पटकन दिसेल. डी२ वर ठेवला तर मात्र थोडा वेळ बसावे लागेल.